दूध नासतं, मग दशमी का नासत नाही?

"आई, दूध फ्रिजबाहेर राहिलं की तू ओतून देतेस. मग आजी दशमी दुधात मळते, ती ट्रेनमध्ये आठ तास कशी टिकते? आणि शनिवारी मला डबा काय देणार?"

प्रिय चिऊ,

तुझी चिठ्ठी फ्रिजच्या दारावर सापडली. फ्रिज नसताना काय न्यायचं हे विचारायला जागा बरी शोधलीस!

दूध नासतं कारण त्यात पाणी भरपूर असतं, शंभर ग्रॅम दुधात जवळजवळ सत्त्याऐंशी ग्रॅम. त्यात साखर आहे, प्रथिनं आहेत, म्हणजे जिवाणूंना पंगतच मांडलेली. पण दशमी तव्यावर पडली की त्या दुधातलं बरंचसं पाणी वाफ होऊन उडून जातं, जिवाणूही बहुतेक मरतात. मागे उरतं ते थोडं स्निग्ध, थोडी साखर आणि प्रथिनं. तेवढ्यानेच दशमी दुपारपर्यंत मऊ राहते. पाण्यात मळलेली पोळी तोपर्यंत चिवट होते.

म्हणजे दूध मऊपणासाठी. टिकण्याचं श्रेय आपण उगाच दुधाला देतो, ते खरं तर कोरडेपणाचं आहे. (पूर्वी सोवळ्याओवळ्याच्या हिशेबात पाण्यात शिजवलेलं अन्न प्रवासात चालायचं नाही, दुधातलं चालायचं. दशमी शिदोरीत शिरली त्याचं ते एक कारण. आपल्या घरात सोवळं राहिलं नाही, दशमी राहिली.)

आता शनिवार. तू आठ तास म्हणतोस ते गाडीचे. डब्याचं घड्याळ गॅस बंद केला की सुरू होतं. गाडी नऊची, मी साडेसहाला दशम्या करणार. तू साडेबाराला जेवशील तेव्हा त्या सहा तासांच्या झालेल्या असतील, चारला परत खाशील तेव्हा साडेनऊ तासांच्या. पाचला पोचणारी गाडी दोन तास रखडली तर शेवटचा घास साडेबारा तासांचा. डबा त्या शेवटच्या घासाकडे बघून भरायचा असतो.

म्हणून बटाट्याची भाजी नाही. तोंड वाकडं करू नकोस. ती "सुकी" दिसते, पण उकडलेल्या बटाट्याच्या पोटात पाणी असतंच, त्यात कांदा आणि ओलं खोबरं पडलं की झालंच. इथे अमेरिकेत कृषी खात्याचा सल्ला असा की शिजवलेलं नाशवंत अन्न फ्रिजबाहेर दोन तासांपेक्षा जास्त ठेवू नये, आणि हवा ३२ अंश सेल्सिअसच्या वर असेल तर एकच तास. लहानपणी आम्ही दिवसभर तीच भाजी खायचो आणि काही झालं नाही, असं बाबा म्हणतील. एकदा मला झालंय. मी गरम भाजी स्टीलच्या डब्यात घट्ट झाकण लावून नेली आणि दुपारी डबा उघडला तर आंबूस वास. तुला भाजी हवीच असेल तर निघण्यापूर्वी घरीच खा, सव्वाआठला.

भातही नाही, मसालेभात तर नाहीच. तांदळावर एका जिवाणूची बीजं असतात, ती उकळूनही मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती जागी होतात आणि विष तयार करतात. त्यातलं एक विष परत गरम केल्यानेही जात नाही, आणि भाताला वास येईलच असंही नाही. "वास घेऊन बघ" हा आजीचा नियम भाजीला बऱ्याचदा लागू पडतो, भाताला नाही. तिथे तास मोजायचे.

दशम्या मात्र भरपूर. दोन वाट्या कणीक, मीठ, दोन चमचे तेल आणि साधारण पाऊण वाटी दूध, एवढ्यात सात-आठ होतात. गोड हवी असेल तर अर्धी वाटी गूळ कोमट दुधात विरघळवायचा. दूध कडकडीत असेल तर गुळाने फाटतं, आणि गूळ विरघळला की पीठ सैल पडतं, म्हणून तेव्हा दूध अर्ध्या वाटीपासून सुरू करायचं. गुळाने दशमी जास्त टिकते, कारण साखर आहे ते पाणी धरून ठेवते, जिवाणूंना देत नाही. पातळ लाटायच्या, दोन्ही बाजूंनी डाग पडेपर्यंत भाजायच्या. मध्ये कच्ची राहिलेली जाड दशमी आधी बिघडते.

पण सगळं बिघडतं ते डब्यात भरताना, आणि शनिवारी ते काम तुझं. गरम दशम्या एकावर एक रचून झाकण लावलं की वाफ झाकणाला लागते, थेंब होऊन खाली पडते, आणि जे पाणी आपण तव्यावर घालवलं ते डब्यात परत येतं. कडेच्या दशम्या ओल्या, गिळगिळीत होतात. फॉइलमध्ये गरम गुंडाळल्या तरी तेच. म्हणून प्रत्येक दशमी जाळीवर सुटी ठेवायची, अर्धा तास. पाठीला हात लावून गार लागली की मगच रचायची. मग धुतलेल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात, म्हणजे उरलासुरला दमटपणा फडकं शोषतं.

आणि डबे दोन कर, एक साडेबाराचा, एक चारचा. एकाच डब्यात दोनदा हात घातला की हातावरचे जिवाणू डब्यात जातात आणि पुढचे साडेतीन तास तिथेच मुक्काम करतात.

सोबत शेंगदाण्याची चटणी, भाजलेले दाणे, तिखट, मीठ, जिरं, बस. लसूण घालायची तर तेलात कुरकुरीत तळून, कच्ची नाही. दही कालवायचं नाही. तेल छोट्या बाटलीत वेगळं देते, खाताना घे. काकडी अख्खी ने आणि सालासकट चावून खा, घरी चिरून नको. चिरलं की पाणी सुटतं. संत्रं, केळं यांना देवानेच वेष्टण दिलंय. रखडलेल्या गाडीसाठी चिवडा आणि दोन बेसनाचे लाडू. लाडवात दूध-पाणी काही नाही, बेसन तुपात भाजलेलं असतं, त्यांना गाडीच्या वेळापत्रकाशी देणंघेणं नाही.

थंडीत गाडीचे डबे तापवलेले असतात, तेव्हा पिशवी खिडकीखालच्या हीटरजवळ ठेवू नकोस, खिडकीतल्या उन्हातही नको. दशमी उघडल्यावर चिकट लागली, तोडताना बारीक तार सुटली किंवा गोडसर-आंबूस वास आला तर सरळ टाकून दे, आईने पहाटे उठून केली म्हणून खाऊ नकोस.

शुक्रवारी रात्री जाळी आणि फडकं ओट्यावर काढून ठेव. आणि सव्वासहाला उठ, गार झाल्यात का हे बघायला मला तुझा हात लागणार आहे.

तुझी आई