‘मांजरा धरणही कोरडं पडलं’ : एका वाक्यातले तीन अर्थ

“सर, सेटच्या तयारीला बसले आहे. एन्टेलमेंट, प्रिसपोझिशन आणि इम्प्लिकेचर यांत दर वेळी घोळ होतो. आमच्या नोट्समध्ये तिन्हींना ‘गर्भितार्थ’च लिहिलंय. तसं चालतं का? आणि परीक्षेत पटकन ओळखायला एकेक खूण सांगाल का?” (नांदेडहून एक विद्यार्थिनी)

नाही चालत. ‘गर्भितार्थ’ म्हणजे पोटातला अर्थ, एवढंच त्या शब्दावरून कळतं. तो पोटात कसा आला आणि बाहेर काढता येतो का, हे त्यातून कळत नाही, आणि या तीन संज्ञांमधला फरक नेमका तोच आहे. त्याहून मोठा घोळ ‘गृहीत’ या शब्दाचा झालाय. सभेत, बातम्यांत, पदवीच्या प्रबंधांतसुद्धा रोज ऐकतो : “यावरून असं गृहीत धरता येतं की…” यावरून निष्कर्ष निघतो, बाबांनो! गृहीत आधी असतं, निष्कर्ष नंतर. ग्रह् म्हणजे पकडणं, आणि बोलायला तोंड उघडण्याआधीच जे हातात पकडलेलं असतं ते गृहीत. हा आधी-नंतरचा फरक डोक्यात बसला की निम्मा घोळ मिटतो.

मी शिकवताना निष्पन्न अर्थ, पूर्वगृहीत आणि सूचितार्थ असे शब्द वापरायचो. तिन्ही एकाच वाक्यात दाखवतो. 2016 च्या उन्हाळ्यात आपल्याकडे कोणाच्याही तोंडी असलेलं वाक्य घ्या : “मांजरा धरणही कोरडं पडलं.”

पहिला अर्थ : मांजरा धरणात पाणी उरलं नाही. हा निष्पन्न अर्थ, म्हणजे एन्टेलमेंट. खूण अशी की वाक्याला ‘पण’ लावायचा आणि तो अर्थ नाकारायचा. “मांजरा धरण कोरडं पडलं, पण त्यात पाणी आहे.” वाक्य स्वतःशीच भांडायला लागलं. भांडण झालं की एन्टेलमेंट. वर्गात एका मुलाने मला अडवलं होतं : “सर, उपयुक्त साठा शून्य झाला तरी मृतसाठा असतो की!” मुद्दा पाण्याच्या हिशेबाचा म्हणून खरा आहे, पण त्याने ‘कोरडं’ या शब्दाचा अर्थच बदलला. आधी शब्दाचा एक अर्थ ठरवा, मग ‘पण’ लावा. प्रश्नपत्रिकेतले वाद बहुतेक इथेच उगवतात.

या एन्टेलमेंट शब्दापाशी मला थांबावंच लागेल. एका चर्चासत्रात एका प्राध्यापकांनी ठणकावून सांगितलं की हा शब्द शेपटीवरून आलाय, वाक्यामागे शेपटीसारखा येणारा अर्थ म्हणून. साफ चूक. इंग्रजीतली जनावराची ‘टेल’ हा जुना जर्मानिक शब्द आहे. हा ‘टेल’ आला फ्रेंच ‘ताय’वरून, म्हणजे कापणं. त्याच घराण्यात कापड कापणारा टेलर आहे, तुकडे करून विकणारा रिटेल आहे, आणि बारीक तुकड्यांचा डिटेलही आहे. इंग्लंडच्या कायद्यात ‘एन्टेल’ म्हणजे अशी मालमत्ता, जिच्या वारसाची वाट आधीच कापून, आखून दिली आहे. 1285 च्या कायद्याने तिला पक्कं रूप दिलं. अशी जमीन ज्याच्या ताब्यात असेल त्याने ती कसावी, खावी. पण वारसाला डावलून ती दुसऱ्याच्या नावावर करता येत नसे.

मराठवाड्यातल्या माणसाला हे समजायला इंग्लंडला जायची गरज नाही. आमच्या गावात मारुतीच्या देवळाची इनाम जमीन आहे. पुजाऱ्याचं घराणं पिढ्यान्‌पिढ्या ती कसतंय. तिथे ज्वारी निघते, तूर निघते, बांधावरच्या चिंचा निघतात, ते सगळं त्यांचं. पण ती जमीन स्वतःच्या मर्जीने विकता येत नाही. सातबारा काढला की इनामाची ती नोंद समोर उभी राहते. एन्टेलमेंट अगदी असंच असतं. वाक्य बोललात की तो अर्थ वाक्याबरोबर लिहूनच आला. वाक्य ठेवायचं आणि अर्थ विकून टाकायचा, असा सौदा होत नाही. मूळ ‘कापण्याचं’ आहे हे ज्याला कळलं, तो ही खूण परीक्षेत विसरूच शकत नाही. त्या शेपटीतून एवढं काहीही मिळत नाही.

आता दुसरा अर्थ. वाक्यातल्या ‘ही’कडे बघा. मांजरा धरण*ही*, म्हणजे आधी आणखी कुठलंतरी कोरडं पडलेलं आहे. बोलणाऱ्याने हे सांगितलं नाही, ऐकणाऱ्याला माहीत आहे असं धरून तो पुढे गेला. हे प्रिसपोझिशन, खरं पूर्वगृहीत. याची खूण म्हणजे ‘थांबा थांबा’. ऐकणाऱ्याला ती आधीची गोष्ट माहीत नसेल, तर तो “खोटं आहे” असं म्हणत नाही, तो हात वर करतो : “थांबा थांबा, आणखी कुठलं आटलं? मला तर कोणी सांगितलंच नाही.” मुख्य विधानाला असं म्हणून पाहा : “थांबा थांबा, मांजरा आटलं हे मला माहीत नव्हतं.” विचित्र लागतं, कारण तेच तर सांगायला समोरचा आलाय. आमच्याकडच्या बोलीत “मांजराबी आटलं” म्हणतात. तो ‘बी’ हेच काम करतो.

बहुतेक गाइडांमध्ये दुसरी खूण दिलेली असते : वाक्य नकारार्थी करा, पूर्वगृहीत टिकतं. ‘सोडणे’ घ्या. “अण्णांनी तंबाखू सोडली” आणि “अण्णांनी तंबाखू सोडली नाही”, दोन्हींत अण्णा तंबाखू खात होते हे धरलेलंच आहे. ‘पुन्हा’चंही तसंच. खूण चांगली आहे, पण इंग्रजी पुस्तकातून उचलून ती मराठीवर डोळे मिटून लावली की ‘ही’पाशी फसते. हे मला कुठल्याच गाइडमध्ये सापडलेलं नाही, आणि मुलांचे गुण मात्र इथेच जातात, म्हणून राग येतो.

करून पाहा. “मांजरा धरणही कोरडं पडलं नाही.” आता काय धरलंय? आणखी कुठलं धरण कोरडं पडलं, हे? मुळीच नाही. आता धरलंय ते उलट : दुसरंही कुठलंतरी कोरडं पडलं *नाही*. “सुरेशही आला नाही” म्हणजे रमेश आला नव्हता, तसं. म्हणजे गाइडचा नियम पाळणारा विद्यार्थी लिहिणार, “पूर्वगृहीत टिकलं नाही, म्हणून हे प्रिसपोझिशन नव्हे.” चूक. झालंय एवढंच की मराठीत ‘ही’ त्या ‘नाही’च्या कक्षेत राहत नाही. तो बाहेर पडतो आणि अख्ख्या नकारार्थी वाक्याला चिकटतो. म्हणून नकार बाहेरून घाला : “मांजरा धरणही कोरडं पडलं, असं नाही.” किंवा प्रश्न करा : “मांजरा धरणही कोरडं पडलं का?” किंवा ‘तर’ लावा : “मांजरा धरणही कोरडं पडलं असेल, तर टँकर वाढवावे लागतील.” तिन्ही ठिकाणी ‘आणखी कुठलंतरी आटलंय’ हे जागचं हलत नाही, आणि ‘मांजरा कोरडं आहे’ हा निष्पन्न अर्थ मात्र तिन्ही ठिकाणी सुटून जातो.

एक अडचण मात्र राहते. “अण्णांनी तंबाखू सोडली नाही, कधी खाल्लीच नाही तर सोडणार काय?” इथे पूर्वगृहीत पुसलं गेलं की! हो, नकाराच्या आत ते असं पुसता येतं. म्हणून ते इम्प्लिकेचर होत नाही. होकारी वाक्यात प्रयत्न करा : “अण्णांनी तंबाखू सोडली, पण ते कधी खातच नव्हते.” जमत नाही. पूर्वगृहीत खोटं निघालं तर वाक्य खोटं ठरतं की त्याच्या खऱ्याखोट्याचा प्रश्नच उठत नाही, यावर रसेल (1905) आणि स्ट्रॉसन (1950) या तत्त्वज्ञांचा वाद आहे. मला स्ट्रॉसन पटतो. अण्णा कधी तंबाखू खातच नसतील, तर “सोडली का?” याला आपण ‘हो’ही म्हणत नाही, ‘नाही’ही म्हणत नाही.

तिसरा अर्थ. लातूरच्या बसस्टँडवर कोणी विचारलं, “आता पाण्याचं कसं?” आणि उत्तर आलं, “मांजरा धरणही कोरडं पडलं.” ऐकणारा समजला : लातूरला पाणी मिळणार नाही. शब्दांत ते कुठेच नाही. प्रश्नाला धरून उत्तर दिलंय, या विश्वासावर त्याने ते काढलं. हे इम्प्लिकेचर. हा शब्द तत्त्वज्ञ पॉल ग्राइसने घडवला. हार्वर्डमधली त्याची व्याख्यानं 1967 ची. मूळ लॅटिन धातूचा अर्थ घडी घालणं. घडी उलगडता येते, आणि खूण तीच आहे. पुन्हा ‘पण’ लावा : “मांजरा धरणही कोरडं पडलं, पण लातूरला पाणी मिळतंय, मिरजेहून रेल्वेने येतंय.” भांडण नाही. एप्रिल 2016 मध्ये हेच तर घडलं. पूर्वगृहीत ‘थांबा थांबा’ने आधी बाजूला काढलं की उरलेल्या दोघांत ‘पण’ने भांडण झालं तर एन्टेलमेंट, ‘पण’ने निमूट निघून गेलं तर इम्प्लिकेचर. एकच खूण, दोन निकाल.

इथे आपल्याकडचे काही साहित्यवाले म्हणतात, इम्प्लिकेचर म्हणजे आपली व्यंजनाच, शब्दांत नसलेला अर्थ सुचवणारी शक्ती, ग्राइसने नवीन काय सांगितलं? संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने ‘गतोऽस्तमर्कः’, सूर्य मावळला, हे उदाहरण घेऊन दाखवलंय की वाच्यार्थ सगळ्यांना एकच, पण ऐकणारा बदलला की सूचित अर्थ बदलतो : कोणाला काम थांबवा, कोणाला संध्येला बसा, कोणाला गुरं घरात घ्या. हे वाचताना मला दर वेळी आनंद होतो, आणि ग्राइसच्या आधी काही शतकं हे लिहिलं गेलंय हेही खरं. पण सारखेपणा तिथवरच. ग्राइसला तो अर्थ पायरीपायरीने *काढून दाखवता* आला पाहिजे : हा प्रश्न होता, समोरचा सहकार्य करतोय, हे उत्तर वरवर तुटक वाटतं, म्हणून त्याला अमुक म्हणायचं असणार. मम्मटासारख्या व्यंजना मानणाऱ्या ध्वनीवाद्यांना शेवटी रसापर्यंत जायचंय, आणि रस असा गणिताने निघत नाही हेच त्यांचं म्हणणं आहे. उत्तरपत्रिकेत “इम्प्लिकेचर म्हणजे व्यंजना” असं एका ओळीत लिहू नका. मम्मटाचं उदाहरण जरूर द्या, पण त्यातल्या गुराख्याने ‘गुरं घरात घ्या’ हा अर्थ कसा काढला, त्या पायऱ्याही खाली लिहा.