कसा, कशी, कसे: भेदक लक्षणांचा एक तास

प्रश्न: बी. ए. दुसऱ्या वर्षाला भाषाविज्ञान शिकवतो. भेदक लक्षणं आणि नैसर्गिक वर्ग एका तासात कसे मांडू? मुलं खेड्यातली आहेत, पुस्तकातली इंग्रजी उदाहरणं त्यांच्या डोक्यावरून जातात.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या कॉलेजात मी हाच तास बरीच वर्षं घेतला. पहिल्या वर्षी फळ्यावर, एकेका ध्वनीत उच्चाराचं कुठलं लक्षण आहे नि कुठलं नाही याचा, अधिक-उण्याचा भलामोठा तक्ता काढला. मुलांनी तो इमानेइतबारे उतरवून घेतला, पण तो कशाला हवा हे एकालाही कळलं नाही. आता तक्ता शेवटी काढतो, आणि त्यात त्या दिवशी लागलेली लक्षणंच घालतो.

पहिली दहा मिनिटं कानाला द्या. ‘चार म्हशी’ आणि ‘गाय चार’ हे मुलांकडून मोठ्यानं म्हणवून घ्या. अक्षर एकच, आवाज दोन. आकड्यातला च टाळूपाशी होतो, चारण्यातला दातांपाशी. दातांपाशी होणाऱ्याला खाली टिंब द्या: च़. ही पायरी गाळली की मुलं अक्षरांचाच विचार करत राहतात आणि पुढचं सगळं फसतं.

मग फळ्यावर साच़ा, साचे, साच्यात लिहा. त्याखाली माझ़ा, माझी, माझ्याला. शेजारी नाच़ा, नाच़ू, नाच़ो. पुढे आ, ऊ, ओ असला की दंत्य आवाज टिकतो. ई, ए, य आला की तो टाळूकडे सरकतो. आता विचारा, या तिघांत सारखं काय? दोन स्वर, एक व्यंजन, बाराखडीत त्यांचं काही नातं नाही. पण तिघंही म्हणताना जिभेचा पुढचा भाग वर जातो आणि हवा कुठे अडत नाही. हे मुलांच्या तोंडून आलं की मगच लिहा: [–व्यंजन, –पश्च]. य ला इथे व्यंजन धरत नाहीत, यावर कुणीतरी हटकून अडतं. तो अर्धस्वर आहे, त्यात हवेला खरा अडथळा नाही, एवढं सांगून पुढे जा.

तासाचा जीव खरा पुढच्या पायरीत आहे. कसा, कशी, कसे. पैसा, पैसे, पैशाला. म्हैस, म्हशी. इथे स चा श होतो, पण ए पुढे होत नाही! ‘कशे’ कुणी म्हणत नाही. ‘पैशाला’मधला य दिसत नाही, म्हणून घोडा–घोड्याला शेजारी ठेवा, मूळचं पैस्या असणार हे मुलं आपणहून ओळखतात. म्हणजे स ला ई आणि य पुरतात, ए चालत नाही. त्या दोघांत जीभ अधिक उंच जाते, म्हणून आधीच्या जोडीला एकच लक्षण वाढवायचं: [–व्यंजन, –पश्च, +उच्च]. एकट्या ई ला वेगळं काढायचं तर ‘+स्वर’ही लागेल. दोन लक्षणांत तिघं, तीन लक्षणांत दोघं, चार लक्षणांत एक. नैसर्गिक वर्ग म्हणजे काय ते इथे दिसतं: पूर्ण वर्ग सांगायला त्यातल्या एकट्या ध्वनीपेक्षा कमी लक्षणं लागतात. खात्रीसाठी ई, ओ, ग अशी वेडीवाकडी तिकडी द्या आणि कमी लक्षणांत सांगायला लावा. जमत नाही.

वेळ उरला तर बदलणाऱ्या ध्वनींकडे वळा. भिंत–भिंती, चूल–चुली यांत त आणि ल जागचे हलत नाहीत, जरी तेही दातांजवळच होतात. बदलतात ते फक्त शिट्टीसारखी घासती हवा असलेले, म्हणजे [+स्ट्रायडंट]. त्यातला स प्रवाही, च़ ज़ झ़ अडून सुटणारे.

एखादा हुशार पोरगा ‘सीता’ आणि ‘सिनेमा’ काढतो. तिथे श होत नाही, कारण स आणि ई एकाच मूळ शब्दात आहेत. हा नियम प्रत्यय जोडताना चालतो. शिवाय ‘चार म्हशी’तला तालव्य च आ पुढेही आहेच, म्हणजे नियम एकाच दिशेनं जातो. मला हे अपवाद लपवावेसे वाटत नाहीत, पण ते तास संपता संपता आलेले बरे.

नावं मी शेवटच्या पाच मिनिटांत घेतो. याकोब्सन, फांट आणि हाले यांनी १९५२ मध्ये लक्षणं मुख्यतः ध्वनीच्या गुणांवरून मांडली, चॉम्स्की-हाले यांनी १९६८ मध्ये तोंडातल्या हालचालींवरून. वर्गात संस्कृतवाले असतील तर पाणिनीचं ‘इको यणचि’ हे सूत्र, म्हणजे पुढे स्वर आला की इ, उ, ऋ, ऌ या ‘इक्’ गटाचे य, व, र, ल होतात, हे त्यांच्या ओळखीचं असतं. पण इक् हे नाव शिवसूत्रांतल्या क्रमावर उभं आहे, लक्षणं उच्चारावर.

घरून मी एकच करून आणायला सांगतो. आपल्याकडे विदर्भात शाळेला शाया आणि काळ्याला काया म्हणतात. अशी दहा जोड्यांची यादी घरच्या म्हाताऱ्या माणसांकडून आणायची, आणि ळ चा य होताना कुठली लक्षणं बदलली नि कुठली तशीच राहिली ते लिहायचं. घोषपणा राहिला हे बहुतेकांना सापडतं. जिभेच्या टोकाचं वळणं गेलं, हे आरशासमोर बसणाऱ्यालाच सापडतं.