जिथे हात पाहायचा आहे, तिथे सांगणे कानातूनच गेले पाहिजे

प्रश्न: चार मिनिटांचा शैक्षणिक व्हिडिओ करतोय, मराठी आणि हिंदी दोन्ही प्रेक्षकांसाठी. सबटायटल्स द्यावीत की डबिंग करावे? मराठी लोकांना हिंदी कळतेच, तर हिंदी आवाज आणि खाली मराठी सबटायटल्स पुरतील ना?

नाही, पुरणार नाहीत. तुमच्या व्हिडिओत हाताने काही करून दाखवले जाणार असेल, तर मराठीसाठी मराठी आवाजाची आणि हिंदीसाठी हिंदी आवाजाची अशा दोन वेगळ्या प्रती कराव्यात, असे माझे स्पष्ट मत आहे. मी अनेक वर्षे भाषांतर आणि सबटायटल्स करण्याचे काम करते, म्हणजे सबटायटल्सवरच माझी उपजीविका आहे, तरीही हे सांगते आहे. "मराठी लोकांना हिंदी कळतेच" हे वाक्य मी एका बैठकीत नेमके याच शब्दांत ऐकले होते, त्या दिवशी माझे कोणी ऐकले नाही, आणि त्यानंतर काय झाले ते मी जवळून पाहिले. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

काम होते व्हर्नियर कॅलिपर या, दोन जबड्यांत वस्तू धरून तिचे बारीक माप घेण्याच्या अवजारावरचे माप कसे वाचावे हे शिकवणाऱ्या छोट्या व्हिडिओचे. प्रेक्षक होते नुकतेच कार्यशाळेत आलेले प्रशिक्षणार्थी. त्यांतले निम्मे मराठी बोलणारे, निम्मे हिंदी. निवेदन हिंदीत मुद्रित झालेले होते आणि मराठी सबटायटल्स माझ्याकडे सोपवली होती. मी मराठी निवेदन वेगळे करावे असे सुचवले, तेव्हा प्रकल्पप्रमुखांनी वरचे वाक्य उच्चारले आणि एकाच व्हिडिओसाठी दोनदा आवाज मुद्रित करणे म्हणजे दुप्पट काम आहे असे सांगून विषय संपवला.

व्हिडिओत 1 मिनिट 12 सेकंदांपासून 1 मिनिट 17 सेकंदांपर्यंत पाच सेकंदांचे एक दृश्य आहे. कॅमेरा अगदी जवळ आहे, सरकता जबडा थांबलेला आहे आणि निवेदक सर्वांत महत्त्वाची सूचना देतो आहे. मी तिचे मराठी असे केले होते: "व्हर्नियर पट्टीवरची कोणती रेघ मुख्य पट्टीवरच्या रेघेशी तंतोतंत जुळते ते पाहा." देवनागरीत काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही सगळी संगणकाच्या दृष्टीने स्वतंत्र चिन्हे असतात, तशी मोजली तर मोकळ्या जागांसह हे वाक्य 77 चिन्हांचे होते. शिकणाऱ्या प्रेक्षकासाठी मी सेकंदाला 15 चिन्हांपेक्षा जास्त वेग धरत नाही. 77 ला 15 ने भागा, पाच सेकंदांहून थोडे जास्तच येतात. म्हणजे "पाहा" हा शब्द वाचून होईपर्यंत जे पाहायचे ते दृश्य निघून गेलेले असते. वाक्य छोटे करून पाहिले, पण "व्हर्नियर पट्टी" आणि "मुख्य पट्टी" ही दोन नावे काढून टाकली तर सूचनेत काही उरतच नाही. त्यातच मिलिमीटरची व्हर्नियर पट्टी मुख्य पट्टीच्या खालच्या बाजूला असते, त्यामुळे सबटायटल नेमके तिच्यावर येत होते. ते वर सरकवले, तेव्हा पट्टी दिसू लागली, पण डोळ्यांना वरून खाली आणि खालून वर जास्त अंतर फिरावे लागले.

व्हिडिओ पहिल्यांदा दाखवला त्या दिवशी मी मुद्दाम पडद्याकडे पाठ करून बाजूला बसले आणि मुलांचे डोळे पाहत राहिले. तुम्हीही हे एकदा करून पाहा. मराठी वाचणारा प्रत्येक मुलगा त्या पाच सेकंदांत एकदाही पट्टीकडे पाहत नाही हे मला तिथे स्वच्छ दिसले. काही मुलांनी मात्र वाचण्याचा नाद सोडला होता आणि ती चित्राकडे पाहत हिंदी ऐकत होती.

दृश्यातले माप 39.4 मिलिमीटर होते. ही पट्टी साध्या प्रकारची, म्हणजे व्हर्नियरवरचे दहा भाग मुख्य पट्टीवरच्या 9 मिलिमीटरांत बसवलेले, म्हणून लघुतम माप, म्हणजे तिच्यावर वाचता येणारे सर्वांत लहान माप, 0.1 मिलिमीटर. व्हर्नियरचे शून्य 39 च्या थोडे पुढे आहे आणि त्याची चौथी रेघ मुख्य पट्टीवरच्या 43 च्या रेघेशी जुळते आहे. म्हणून 39 अधिक चार गुणिले 0.1. हिंदी निवेदक म्हणतो, "उनतालीस दशमलव चार". मराठी कानाला 39 म्हणजे एकोणचाळीस. "उनतालीस" आणि "उनचास", म्हणजे 49, यांतला फरक हिंदीत वाढलेल्या माणसाला सहज कळतो, पण रोज हिंदी मालिका पाहणाऱ्या मराठी मुलालाही तो बोलण्याच्या ओघात सापडेलच असे नाही, कारण हे आकडे त्याने कधी हिंदीत मोजलेले नसतात. नंतर वह्या पाहिल्या, तेव्हा वाचणे सोडून हिंदी ऐकणाऱ्या मराठी मुलांपैकी तिघांनी 49.4 लिहिले होते. सबटायटल्स वाचणाऱ्या सर्वांचे उत्तर बरोबर होते, आणि प्रकल्पप्रमुखांनी तेच मला विजयाने दाखवले. मी त्यांच्या देखत त्याच मुलांच्या हातात कॅलिपर आणि एक लोखंडी नळीचा तुकडा दिला. बहुतेकांनी व्हर्नियरचे शून्य मुख्य पट्टीवर कुठे आहे ते वाचले आणि तिथेच थांबले. 39.4 हा आकडा त्यांनी सबटायटलमधून उतरवून घेतला होता. जुळणारी रेघ त्यांनी पाहिलीच नव्हती.

पाहून समजले की नुसते वाचून लिहिले हे ओळखायचे असेल, तर व्हिडिओतलाच आकडा विचारू नये, वेगळी वस्तू मोजायला द्यावी. माझा तेव्हाचा सगळा युक्तिवाद या एका चाचणीवर उभा होता आणि आजही आहे.

शब्दांचेही असेच. मराठीतून शिकलेल्या मुलाला "लघुतम माप" माहीत असते, हिंदी निवेदक "अल्पतमांक" म्हणतो. शून्यत्रुटी, म्हणजे जबडे मिटल्यावर माप शून्यच येते ना हे, तपासताना निवेदक सांगतो की दोन्ही जबड्यांमध्ये "जगह खाली न रहे", तेव्हा एका मुलाने कॅलिपर उचलून त्याच्या खालच्या बाजूला फट दिसते का ते पाहिले. हिंदीत "खाली" म्हणजे रिकामी, हे त्याला माहीत नव्हते असे नाही. पण हाताने काम करताना माणूस आपल्या भाषेतला अर्थच आधी धरतो.

पुढे मी ते चार मिनिटांचे मराठी निवेदन स्वतःच्या वेळेत करून घेतले. पडद्यावर निवेदकाचा चेहरा फक्त सुरुवातीला येत असल्याने ओठांशी शब्द जुळवण्याचा प्रश्नच नव्हता. व्हॉइस ओव्हर पुरेसा होता. संहिता लिहायला एक दिवस, मुद्रणाला तासभर आणि चित्राशी जुळवायला अर्धा दिवस लागला. माझ्या सबटायटल्सनाही वेळा लावणे, वाक्ये तोडणे आणि दुरुस्त्या धरून जवळपास तेवढाच वेळ गेला होता, त्यामुळे "दुप्पट काम" हा मुद्दा मला तेव्हाही पटला नव्हता आणि आता तर हिशेबानेही पटत नाही. या प्रतीत त्या पाच सेकंदांच्या दृश्याला मी सूचना संपल्यावर दोन सेकंदांची शांतता जोडली, चित्र तसेच ठेवले. पुढच्या तुकडीला ही प्रत दाखवल्यावर मुलांची बोटे पडद्याच्या दिशेने रेघा मोजताना दिसली.

आता तुमच्या कामाकडे येते. दोन आवाज करायचे असतील तर चित्र हिंदी निवेदनाच्या लांबीवर कापा. वरचे मराठी वाक्य अकरा शब्दांचे आहे. त्याचेच हिंदी, "देखिए कि वर्नियर पैमाने की कौन-सी रेखा मुख्य पैमाने की रेखा से ठीक मिल रही है", सोळा शब्दांचे होते, कारण मराठीत नामाला चिकटणारे प्रत्यय हिंदीत सुटे उभे राहतात. शब्द आखूड असले तरी बोलायला थोडा जास्त वेळ लागतोच. मराठीच्या मापाने कापलेल्या चित्रावर हिंदी बसवायला गेलात की निवेदक घाईने बोलू लागतो. उलट केलेत तर मराठीत उरलेला क्षण पाहण्यासाठी कामी येतो. संहितेत आकडे अंकांत लिहू नका, उच्चारायचे तसे अक्षरांत लिहा, नाहीतर निवेदक 39.4 समोर आल्यावर क्षणभर थांबतो आणि मुद्रणात ते ऐकू येते. अवजाराचा आवाज, उदाहरणार्थ जबडा मिटल्याची टिक, निवेदनापासून वेगळ्या ट्रॅकवर ठेवा, कारण दोन्ही एकत्र मिसळले असतील तर भाषा बदलताना तो आवाजही जातो. चित्रावरची नावे शेवटच्या टप्प्यात वेगळ्या थरावर घाला, म्हणजे "लघुतम माप" काढून "अल्पतमांक" लावता येईल.

ही नावे मात्र चित्रावर जरूर लिहा. शिकण्याच्या मानसशास्त्राचे अभ्यासक रिचर्ड मेयर यांनी प्रयोगांतून दाखवले आहे की चित्र समोर असताना त्याचे स्पष्टीकरण छापील शब्दांपेक्षा बोललेल्या शब्दांतून दिलेले अधिक चांगले समजते. पण संज्ञा अनोळखी असेल किंवा भाषा आपली नसेल, तेव्हा छापील शब्दाचा आधार होतो. म्हणून पूर्ण वाक्य कानाला आणि नवी संज्ञा व आकडा डोळ्यांना, तेही त्या वस्तूच्या अगदी शेजारी, ही विभागणी मी करते.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी सबटायटल्स अत्यावश्यक आहेत, म्हणून दोन्ही प्रतींसोबत त्याच भाषेची सबटायटल फाइल द्यावी, मात्र ती प्रेक्षकाला चालू-बंद करता येईल अशी असावी, चित्रात कायमची छापलेली नसावी. व्हॉट्सॲपवर ही सोय नसते. तिथे पाठवताना मराठी आणि हिंदी असे दोन व्हिडिओ वेगवेगळे पाठवा आणि फाइलच्या नावातच भाषा लिहा. यंत्रांच्या आवाजात व्हिडिओ पाहिला जाणार असेल तर सबटायटल्स छापावी लागतील, पण तेव्हा प्रत्येक कृतीपूर्वी सूचना एकटी दाखवा आणि कृती चालू असताना पडदा मोकळा ठेवा. आणि तुमच्या व्हिडिओत कोणी आपला अनुभव सांगत असेल, एखादा कारागीर किंवा रुग्ण, तर माझे वरचे सगळे मत बाजूला ठेवा. त्या माणसाचा आवाज पुसून दुसऱ्याचा घालू नये, तिथे सबटायटल्सच हवीत.

त्या प्रशिक्षणवर्गात अजून हिंदी आवाजाची आणि माझ्या सबटायटल्सची पहिलीच प्रत दाखवतात, कारण मंजुरी तिलाच आहे. मराठी प्रत तिथल्या एका निदेशकांनी स्वतःच्या फोनमध्ये ठेवली आहे, आणि मापाचा पाठ आला की ते मराठी मुलांना बाजूला घेऊन ती दाखवतात.