दीपस्तंभाच्या फोटोतली स्कूटर

मंगेशीच्या दीपस्तंभाचा आडवा फोटो काढला, स्तंभ थोडा डावीकडे आहे पण उजव्या कडेला कुणाची तरी स्कूटर आलीय, ती कशी घालवू?

खोडत बसू नका, क्रॉप करा. मोबाईलचा आडवा फोटो बहुतेक ४:३ असतो, समजा ४००० बाय ३००० पिक्सेल, चौरस केला की रुंदी ३००० राहते म्हणजे पाव भाग गेला, स्कूटर तेवढ्यात मावत असेल तर झालं काम. नाहीतर ४:५ उभा घ्या, रुंदी २४०० उरते, आणि स्तंभ उंचच असल्यामुळे उभी चौकट त्याला खरंतर जास्त शोभते. कात्री सगळी उजवीकडूनच लावायची. कडेला आरसा नाहीतर हँडल अर्धवट राहिलं तर अजून जरा आत सरका, तो तुकडा अख्ख्या स्कूटरपेक्षा जास्त खुपतो. स्कूटर स्तंभाच्या पुढ्यातच असेल तर मात्र क्रॉपने काही होणार नाही.