रंकाळ्यावरचे भेळवाले रजिस्टरमध्ये कुठे?

प्रश्न: रंकाळ्याकाठच्या पदपथाच्या कामाचं स्टेकहोल्डर रजिस्टर, म्हणजे कामाशी हितसंबंध असलेल्यांची महत्त्वानुसार यादी, करतोय. भेळगाडीवाल्यांच्या हातात सत्ता नाही, मग त्यांना तळाला टाकू का?

उत्तर: नका टाकू. मिचेल, एगल आणि वूड यांच्या 1997 च्या मॉडेलमध्ये सत्ता, वैधता, निकड यांपैकी किती गोष्टी आहेत यावर महत्त्व ठरतं. विक्री परवाना असेल तर भेळवाल्यांचं म्हणणं वैध आहे. खोदाई सुरू झाली की त्याच संध्याकाळचा गल्ला बुडतो, म्हणजे निकडही आहे. दोन आहेत, सत्ता नाही: हे 'अवलंबून' गटातले.

खरी गोम पुढे आहे. हा गट सत्ता उसनी आणतो. नगरसेवक पाठीशी उभा राहिला की तिन्ही गोष्टी जमतात आणि काम अडतं. म्हणून रजिस्टरमध्ये नाव, मागणी आणि तीन हो-नाही रकान्यांशिवाय आणखी दोन ठेवा: 'सत्ता कोण देऊ शकेल' आणि 'पुन्हा कधी तपासायचं'. प्रत्येक 'हो'पुढे पुरावा लिहा, जसं परवान्याची प्रत किंवा अर्जाची तारीख. पुराव्याशिवाय भरलं, की जो मोठ्यानं बोलतो तोच वर जातो, हे मी स्वतः पाहिलंय.

भेळवाल्यांची नोंद खोदाईच्या आधी आणि गाड्या हलवताना, अशी दोनदा तपासा. पर्यायी जागा मिळाली की निकड उतरते.