कीटकनाशक विक्रीची नोकरी सोडताना

प्रश्न: मी कृषी पदवीधर असून विदर्भात एका कीटकनाशक कंपनीत विक्री अधिकारी आहे. हातमोजेही नसलेल्या मजुरांच्या हाती लाल त्रिकोणाचे अतिविषारी औषध द्यायला मन धजत नाही. मूळ वेतन 22,000 रुपये आहे, मार्चमध्ये पाच वर्षे पूर्ण होतील. नोकरी आताच सोडावी का?

उत्तर:

मीही याच धंद्यातून बाहेर पडलो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्या हंगामात कपाशी डोक्याच्या वर गेली होती, त्यामुळे नळी वर धरून फवारताना औषध तोंडावर आणि अंगावर येत असे. भर उन्हात हातमोजे, चष्मा, मास्क घालून कोणी फवारत नाही हे विकणाऱ्याला ठाऊक असते. म्हणूनच डब्यावर सूचना छापली की जबाबदारी संपली, हे मला पटेना.

तरीही आक्षेप औषधाला आहे की विकण्याच्या पद्धतीला, हे आधी स्पष्ट करून घ्या. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग सापडले, तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी करावी, अशी शिफारस आहे. सापळ्यात दोन-तीनच पतंग असताना "सध्या फवारू नका" असे तुम्ही शेतकऱ्याला सांगू शकत असाल आणि टार्गेट चुकल्यावर साहेब तुमच्या पाठीशी उभे राहत असतील, तर आत राहूनही तुमच्या हातून काही जीव वाचतील. माझ्याकडे तशी मुभा नव्हती.

सोडायचेच ठरले, तर मार्चपर्यंत थांबा. पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ग्रॅच्युइटी मिळते. 22,000 गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5, म्हणजे सुमारे 63,500 रुपये. दुसरे कारण उधारीचे आहे. खरिपाचा न खपलेला माल परत येऊन दुकानदारांची वसुली होईपर्यंत तुमच्या नावावर थकबाकी दिसत राहते, आणि तिच्यापायी कंपनी अखेरचा हिशेब अडवून धरते. म्हणून राजीनाम्याआधी प्रत्येक दुकानदाराकडून शिल्लक रकमेच्या खातेउताऱ्यावर सही-शिक्का घ्या. या काळात लाल त्रिकोणाचा माल नव्याने दुकानात भरण्याचा आग्रह मात्र धरू नका.

पर्यायांपैकी मला सर्वांत खरा वाटतो तो निर्यातक्षम द्राक्ष बागांच्या सल्लागाराचा. युरोपला जाणाऱ्या मालाची अवशेष तपासणी होते आणि मर्यादा ओलांडलेला माल नाकारला जातो, म्हणून तिथे कमी फवारायला सांगणाऱ्याला शेतकरी पैसे देतो. त्यासाठी नाशिक-सांगलीकडे जावे लागेल, आणि पहिल्या एक-दोन हंगामांत आजच्या पगाराइतकी मिळकत धरू नका. शेतकरी उत्पादक कंपन्यांतही जागा निघतात, पण पगार बेताचा असतो.

जैविक उत्पादनांच्या कंपनीत जाण्यापूर्वी मात्र चौकशी करा. काही जण 'जैविक' बाटलीत रासायनिक कीटकनाशकच मिसळतात. त्या कंपनीच्या बाटलीची अवशेष प्रयोगशाळेत स्वखर्चाने तपासणी करून घ्या, आणि अहवाल हाती आल्यावरच नेमणूकपत्रावर सही करा.