x गुणिले D(x): शून्यापाशी सीमा का मिळते?

प्रश्न: D(x) ची किंमत परिमेय आकड्यांवर १ आणि बाकी सगळीकडे ० आहे. D ला शून्यापाशी सीमाच नाही, मग x·D(x) ला सीमा ० कशी काय येते? मी खानापूरचा, दहावीपर्यंत मराठी माध्यम, आता पी.यू. प्रथम वर्षाला आहे.

उत्तर:

तुमची शंका जिथून निघाली ती जागा बरोबर आहे. D ला शून्यापाशी सीमा नाही, हे खरेच आहे. शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी तिथे १/n सारखे परिमेय आकडे असतात, ज्यांवर D ची किंमत १ आहे, आणि √२/n सारखे अपरिमेय आकडेही असतात, ज्यांवर ती ० आहे; त्यामुळे D कोणत्याही एका किमतीजवळ स्थिरावत नाही. चूक होते ती यापुढच्या पायरीत. ‘गुणाकाराची सीमा म्हणजे सीमांचा गुणाकार’ हा नियम दोन्ही फलांना सीमा असेल तेव्हाच लागू पडतो. एका फलाला सीमा नसेल, तर गुणाकाराला सीमा आहे की नाही याबद्दल तो नियम काहीच सांगत नाही. ‘सीमा नाही’ असेही तो म्हणत नाही.

बेळगावात मी पी.यू.च्या मुलांना गणित शिकवतो, आणि या उदाहरणात बरोबर उत्तर लिहिणारी मुलेही पुष्कळदा ‘शून्य गुणिले काहीही म्हणजे शून्य’ असे कारण देतात. हे कारण मला चुकीच्या उत्तराइतकेच काळजीचे वाटते. सीमा काढताना x शून्य नसतोच, तो फक्त शून्याजवळ असतो, म्हणून शून्याने गुणण्याचा प्रश्नच तिथे उद्भवत नाही.

खरे कारण असे आहे की D ची किंमत ० किंवा १ यांपलीकडे कधीच जात नाही, म्हणजे ते परिबद्ध आहे. त्यामुळे प्रत्येक x साठी |x·D(x)| ≤ |x| हे खरे ठरते: x परिमेय असेल तर डावी बाजू |x| इतकी आणि अपरिमेय असेल तर ० असते. आता कोणी ०.०१ एवढी सूट देऊन विचारले, की x शून्यापासून किती अंतरात ठेवला म्हणजे फलाची किंमत शून्यापासून ०.०१ पेक्षा कमी अंतरावर राहील, तर उत्तर तेच: ०.०१ पेक्षा कमी अंतरात. ३/४०० घ्या, ते परिमेय आहे, म्हणून किंमत ०.००७५ येते. √२/२०० घ्या, ते साधारण ०.००७०७ आहे, पण अपरिमेय असल्यामुळे किंमत सरळ ० येते. दोन्ही किमती सुटीत बसल्या. सूट ε असेल तर x साठीचे अंतर δ = ε घ्यावे, आणि सिद्धता तिथेच पूर्ण होते. तुमच्या इंग्रजी पुस्तकात यालाच सँडविच प्रमेय म्हटले आहे: आपले फल −|x| आणि |x| यांच्यामध्ये दाबले गेले आहे, आणि ते दोन्ही शून्यावर एकत्र येतात.

हे कॅल्क्युलेटरवर पडताळून पाहू नका. त्यात टाइप केलेला प्रत्येक दशांश आकडा परिमेय असतो, आणि √२ सुद्धा त्यात काही अंकांनंतर तोडलेलाच साठवला जातो. तक्ता केलात तर सर्वत्र x·D(x) = x असेच दिसेल, आणि आलेखाचा दुसरा अर्धा भाग, म्हणजे x-अक्षावर पसरलेले बिंदू, तुमच्या नजरेस कधीच पडणार नाहीत.

परिबद्धतेवरच सगळे कसे अवलंबून आहे, हे एका बदलाने दिसते. D(x) ऐवजी D(x)/x घ्या. शून्याजवळ याच्या किमती वाटेल तितक्या मोठ्या होतात, आणि x ने गुणल्यावर उरते ते D(x), ज्याला सीमा नाही. म्हणजे एक अवयव शून्याकडे जातो एवढ्यानेच गुणाकार शून्याकडे जात नाही. दुसरा अवयव परिबद्ध असेल, तर मात्र तो शून्याकडे जाणारच.

शून्य सोडून इतरत्र मात्र या फलाला सीमा मिळत नाही. १ पाशी पाहा: परिमेय आकड्यांवरून गेल्यास किंमत १ कडे जाते, अपरिमेय आकड्यांवरून गेल्यास ती ० च राहते. त्यामुळे x·D(x) हे संपूर्ण संख्यारेषेवर फक्त शून्यापाशीच संतत आहे.

पुढे अवकलनाचा धडा लागला, की याच फलाचे शून्यापाशी अवकलज काढून पाहा. h·D(h) ला h ने भागल्यावर D(h) उरते आणि त्याला सीमा नाही, म्हणून इथे अवकलज मिळत नाही. x ऐवजी x च्या वर्गाने गुणले असते, तर भागाकारात h·D(h) उरले असते, आणि त्याची सीमा तुम्ही आताच पाहिली आहे.